सँड फिल्टर सगळीकडे सँड फिल्टरच

जळगावच्या केळीच्या बागेत किंवा धुळ्याच्या कपाशीच्या शेतात ठिबक बसले की शेतकऱ्याच्या हाती एक माहितीपुस्तिका येते. ती कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. फिल्टर तुंबला की तेवढे पान उघडले जाते. बऱ्याचदा मालक फोनवर वाचून दाखवतो आणि शेतातला सालदार ऐकत ऐकत व्हॉल्व्ह फिरवतो. घरात एकजण अहिराणी बोलतो, दुसरा लेवा बोली, सालदार पावरी. अशा वाचकासाठी लिहिताना एका वस्तूला पुस्तिकाभर एकच नाव का ठेवायचे, ते एका कामावरून पाहू.

विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या पाण्यातले शेवाळ आणि कचरा अडवायला सँड फिल्टर असतो. त्याच्या पुढे जाळी फिल्टर असतो. सँड फिल्टरमधली वाळू घाणीने भरली की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबात फरक पडतो. हा फरक साधारण अर्ध्या किलोवर गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी खालून वर उलटे सोडून अडकलेली घाण बाहेर काढायची. आता समजा, पुस्तिकेत असे लिहिले आहे:

“गाळणी तुंबल्यास सँड फिल्टरची उलट धुलाई करावी. प्रथम बायपास झडप उघडावी. नंतर येण्याजाण्याचे व्हॉल्व्ह बंद करून निचरा तोटी खुली करावी.”

एकच शब्द पुन्हा पुन्हा नको म्हणून लेखकाने फिल्टरला गाळणी केले, व्हॉल्व्हला झडप आणि तोटी केले. निबंधात हे शोभले असते. पण यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. नाव बदलले म्हणजे वस्तू बदलली, असे तो धरतो, आणि तसे धरण्यात त्याची काही चूक नाही. समोर दोन फिल्टर आहेत, मग गाळणी कोणती? ‘निचरा तोटी’ तर त्याला खरोखरच सापडते, कारण बऱ्याच जाळी फिल्टरच्या बुडाशी घाण सोडायचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला जातो आणि बॅकवॉश व्हॉल्व्ह बंदच राहतो. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, दाबाचा काटा चढू लागतो, सांध्यांवर ताण येतो आणि वाळू होती तशीच घाण राहते. वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही काम बिघडले.

हाच मजकूर असा लिहिता येतो:

१. बायपास व्हॉल्व्ह उघडा.
२. बॅकवॉश व्हॉल्व्ह उघडा.
३. सँड फिल्टरचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करा.
४. सँड फिल्टरचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करा.
५. बॅकवॉश व्हॉल्व्हमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा.

व्हॉल्व्ह हा शब्द पाचांपैकी पाचही ओळींत आहे. कानाला तो खटकत असेल, पण फोनवर ऐकणाऱ्याला त्याचाच आधार असतो. क्रियापदांनाही हाच नियम. ‘उघडा’ म्हटले की पुढे ‘खुला करा’, ‘सोडा’, ‘चालू करा’ नको.

उलटी चूक याहून घातक असते, ती म्हणजे दोन वस्तूंना एक नाव देणे. ड्रिपरमधले क्षार ॲसिडने काढतात, शेवाळ ब्लीचिंग पावडरने. पुस्तिकेने दोन्हींना ‘औषध’ म्हटले आणि पुढे ‘उरलेले औषध टाकीत ओता’ असे लिहिले, तर ही दोन एकत्र येऊ शकतात. तसे झाले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. म्हणून ॲसिड कायम ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कायम ब्लीचिंग पावडर. नुसते ‘फिल्टर’ही चालणार नाही, प्रत्येक वेळी सँड फिल्टर किंवा जाळी फिल्टर असे पूर्ण नाव हवे.

कोणता शब्द ठेवायचा? सुट्या भागावर जो छापलेला आहे आणि जो दुकानदाराला सांगितल्यावर नेमकी तीच वस्तू हातात पडते, तो. गावात दुसरे नाव चालत असेल तर सुरुवातीच्या चित्राखाली ते एकदाच द्यावे, पुढे नको. लिहायला बसण्यापूर्वी भागांची यादी करावी, प्रत्येकापुढे ठरलेले नाव आणि टाळायची नावे लिहावीत. मजकूर पूर्ण झाला की टाळायचे एकेक नाव शोधून काढून टाकावे. ठिबक का बसवावे हे सांगणाऱ्या प्रस्तावनेत भाषा मोकळी असली तरी बिघडत नाही. कडक नियम कृतीच्या पानांसाठी आहे.

शेवटी मजकूर शेतात नेऊन पाहावा. ज्याने पुस्तिका पाहिलेली नाही अशा माणसाला एकेक पायरी वाचून दाखवावी आणि फक्त बोट ठेवायला सांगावे. जिथे त्याचे बोट दोन वस्तूंमध्ये घुटमळते, तिथला शब्द दुरुस्त करायचा आहे.