कार्ड बंद, करार चालू

कार्डावरून दरमहा पैसे जाण्यामागे दोन वेगळी नाती असतात. एक ग्राहक आणि सेवा देणारा यांच्यातला करार. दुसरे, पैसे वळते करण्यासाठी बँकेला दिलेली परवानगी. कार्ड ब्लॉक केले, ई-मँडेट रद्द केले किंवा व्हर्च्युअल कार्डाची मर्यादा शून्यावर आणली, की दुसरे थांबते. पहिल्याला धक्का लागत नाही, कारण बँक त्या करारात पक्षकारच नसते.

समजा, एखाद्या जिमचा करार बारा महिन्यांचा आहे आणि हप्ता दरमहा 1,500 रुपये. चार हप्त्यांनंतर ग्राहकाने कार्ड ब्लॉक केले. पाचवा हप्ता नाकारला जातो, पण जिमच्या वहीत तो थकबाकी म्हणून चढतो. उरलेल्या आठ हप्त्यांचे 12,000 रुपये जिम मागू शकते. ते सगळे मिळतीलच असे नाही: भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात ठरवलेला दंडही वाजवी भरपाईपुरताच मिळतो. वर्षाची फी एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जातून भरली असेल, तर मामला अधिक गंभीर. चुकलेला हप्ता थेट क्रेडिट अहवालात उमटतो.

महिन्यागणिक चालणाऱ्या चित्रपटसेवेत मात्र पैसे न आल्यास खाते बहुधा आपोआप बंद पडते. कार्ड बंद करणे पुरते हा समज तिथूनच पसरलेला दिसतो.

म्हणून आधी अटींमधली नोटिशीची मुदत पाहून लेखी रद्द करणे आणि त्याची पोच जपणे, मग मँडेट काढणे, हा क्रम सुरक्षित.