हळदीकुंकवाचं बोलावणं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. एकेका संध्याकाळी बायकांना तीन-चार घरी जायचं असतं, म्हणून बोलावण्यात ठरावीक वेळ न देता 'पाच ते आठ' अशी सवड ठेवावी. ग्रुपवर एकच मेसेज टाकला की थोरल्या काकू-मावश्या राहून जातात. त्यांना फोनच करावा. मजकूर एवढा पुरे: 'काकू, शुक्रवारी संध्याकाळी पाच ते आठ आमच्याकडे हळदीकुंकवाला या. सूनबाईंनाही आणा. तिळगूळ घ्यायला, घटकाभर बसायला सवडीनं या.'

'सुवासिनींनी यावे' असं मात्र मी लिहीत नाही. त्या एका शब्दामुळे शेजारच्या एकट्या आजी घरीच थांबतात. त्यांना वेगळं सांगावं: 'आजी, तुम्ही यायचंच. तुमचंही वाण काढून ठेवलंय.'