तुरुंगातली गर्दी आणि चार पानांचे टिपण

धोरण टिपण म्हणजे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेला तीन-चार पानांचा मजकूर. प्रश्न काय आहे, तो कशामुळे आहे, कोणते उपाय उपलब्ध आहेत आणि त्यांतला कोणता का निवडावा, एवढे त्यात सांगायचे असते. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याला तुरुंगातील गर्दी कमी करण्याबाबत राज्य सरकारसाठी असे टिपण लिहायला सांगितले जाते, तेव्हा त्याची खरी परीक्षा माहिती गोळा करण्यात नसते. सरकारच्या हातात नेमके काय आहे, हे ओळखण्यात असते.

महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार राज्यातील तुरुंगांची क्षमता पंचवीस हजारांच्या आसपास होती आणि कैदी होते चाळीस हजारांहून अधिक. त्यांत दर पाचांपैकी चार न्यायाधीन बंदी होते. बोलीभाषेत ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ते हेच. खटल्याचा निकाल लागलेला नाही, तरी आत असलेले लोक. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची मंजूर क्षमता अनेक वर्षे ८०४ होती, पण तिथे मंजूर क्षमतेच्या तिपटीहून अधिक माणसे राहत आली आहेत. एका माणसासाठी आखलेल्या जागेत तिघांनी झोपायचे, ही तिथली रोजची स्थिती आहे.

टिपणाची पहिली अडचण इथेच येते. तुरुंग हा राज्याच्या अखत्यारीतील विषय आहे, पण जामीन सरकार देत नाही, न्यायालय देते. ‘न्यायालयांनी उदारपणे जामीन द्यावा’ अशी शिफारस गृह विभागाच्या सचिवांपुढे ठेवली, तर ती वाचून त्यांना काहीच करता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच सरकारच्या अधिकारात काय येते याची यादी करावी लागते. अटक करणारे पोलीस, कारागृह प्रशासन, कैद्याला तारखेला नेणारा पोलीस बंदोबस्त, ऐपतीचा दाखला देणारे तहसील कार्यालय आणि नवीन तुरुंगासाठीचा निधी या गोष्टी सरकारच्या हातात आहेत. शिफारस यांपैकी एखाद्या गोष्टीला धरून असली पाहिजे.

त्यानंतर गर्दीचे गणित मांडावे लागते. तुरुंगातील संख्या दोन गोष्टींवर ठरते: रोज किती जण आत येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती दिवस राहतो. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे साधारणपणे तुरुंगातील कैद्यांची संख्या. हिशेबासाठी ८०० क्षमतेचा एक तुरुंग कल्पू. तिथे रोज २० जण दाखल होतात आणि सरासरी १२० दिवस राहतात, असे धरले तर संख्या २,४०० होते, म्हणजे क्षमतेच्या ३०० टक्के. ही सरासरी पाचच दिवसांनी घटली, तरी २० गुणिले ५ या हिशेबाने १०० जागा मोकळ्या होतात.

एकदाच मोठ्या संख्येने कैदी सोडून प्रश्न का सुटत नाही, हेही याच गणितातून कळते. करोनाच्या साथीत २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि हजारो कैद्यांना तात्पुरता जामीन किंवा पॅरोल मिळाला. देशभरातील तुरुंगांत क्षमतेच्या तुलनेत २०२० च्या अखेरीस ११८ टक्के कैदी होते. पुढच्याच वर्षअखेरीस हे प्रमाण १३० टक्क्यांवर गेले आणि २०२२ मध्ये १३१.४ टक्के झाले. आत येण्याचा वेग आणि राहण्याचा काळ बदलला नाही, तर रिकामी झालेली बराक पुन्हा भरते.

उपायांची तुलना हा टिपणाचा गाभा असतो. सर्वांत आधी सुचतो तो नवीन तुरुंग. त्यासाठी जमीन, बांधकाम आणि नव्या पदांची मंजुरी लागते, आणि यात कित्येक वर्षे जातात. टिपणाने या पर्यायाला नाव ठेवायचे नसते. त्याचा कालावधी आणि खर्च शेजारी लिहायचा असतो, म्हणजे तुलना वाचणाऱ्यालाच दिसते.

दुसरा पर्याय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला जामिनावर सोडावे, आणि पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतरच सोडावे, असे हे कलम सांगते. कैदी पात्र होताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू होते, असे स्पष्ट केले.

विद्यार्थ्यांची टिपणे बहुधा याच कलमावर थांबतात. पण त्याची पोहोच मोजून पाहायला हवी. साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. म्हणजे पहिल्यांदाच पकडलेल्या माणसालाही या कलमाचा लाभ वर्षभर आत राहिल्यावर मिळणार. घरात शिरून केलेल्या चोरीला सात वर्षे आहेत. तिथे दोन वर्षे चार महिने थांबावे लागेल. देशातील निम्म्याहून अधिक न्यायाधीन बंदी कोणत्याही दिवशी पाहिले तर एका वर्षाच्या आतलेच असतात. शिवाय जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणारे गुन्हे यातून वगळलेले आहेत, आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यालाही हा लाभ नाही. कलम आवश्यक आहे, ते काटेकोरपणे पाळलेच पाहिजे. पण त्याच्या आधारे गर्दी ओसरेल असे लिहिणे चुकीचे ठरेल.

तिसरा पर्याय सहज नजरेत येत नाही: ज्यांना जामीन मिळाला आहे, तरी जे आतच आहेत असे लोक. न्यायालय पंधरा किंवा पंचवीस हजारांच्या जामिनाचा आदेश देते आणि त्या रकमेची जबाबदारी घेणारा जामीनदार मागते. जामीनदाराला ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, पगारपत्रक किंवा घरपट्टीची पावती किंवा सातबारा, आणि अनेकदा तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखला द्यावा लागतो. नाका कामगाराच्या ओळखीतल्या कुणाकडेच हे कागद नसतात. तो परप्रांतातला असेल तर गावाकडचा भाऊ स्थानिक जामीनदार म्हणून चालत नाही. हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याला जामीनदार म्हणून नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली.

यावर उपायांची चौकट तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोहोचली पाहिजे. अधीक्षकाने आदेशाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवायची, आणि कैदी सात दिवसांत सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सौम्य करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात जामिनासाठी न्यायाधीन बंद्याला ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. अमली पदार्थ, दहशतवाद यांसारख्या काही कायद्यांखालील आरोपी तिच्या बाहेर आहेत.

आता आपल्या कल्पित तुरुंगाकडे वळू. रोज चार कैद्यांचा जामीन मंजूर होतो, पण जामीनदाराअभावी ते सरासरी ६० दिवस आत राहतात, असे धरू. या लोकांनी अडवलेल्या जागा २४०. हा काळ १५ दिवसांवर आला तर त्या ६० उरतात. १८० जागा मोकळ्या होतात. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. लागते ते असे: आदेश आल्यापासून दोन दिवसांत कैद्याला भेटणारा समाजकार्यकर्ता, घरच्यांशी संपर्क, वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्यासाठी अर्ज करणारा विधी सेवा वकील आणि दाखल्यासाठी तहसील कार्यालयाला घालून दिलेली मुदत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून मुंबईत अशाच प्रकारचे काम करत आला आहे, त्यामुळे ही पदे कशी चालवावीत याचा अनुभव राज्यातच आहे.

चौथा पर्याय अटकेचा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप करू नये, तिची कारणे लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले. पोलीस राज्याच्या अधिकारात आहेत, म्हणून ही शिफारस थेट लागू पडते. मात्र हिशेबात एक चूक हमखास होते. रोजचे दाखल होणारे २० वरून १६ वर आले, तर ४ गुणिले १२० म्हणून ४८० जागा वाचतील असे लिहिले जाते. पण ज्यांची अटक टळते ते किरकोळ गुन्ह्यांतले असतात आणि तसेही लवकर सुटले असते. त्यांचा मुक्काम सरासरी ४० दिवसांचा असेल तर वाचणाऱ्या जागा १६०. त्यातही काही जण तेच असतील जे जामीनदाराअभावी अडकले असते, म्हणून १६० आणि १८० यांची बेरीज जशीच्या तशी मांडता येत नाही. दोन्ही मिळून अडीचशे ते तीनशे असा सावध अंदाज दिलेला बरा. म्हणजे २,४०० वरून संख्या एकवीसशेच्या थोडी वर येईल. गर्दी तरीही अडीचपटीहून अधिक राहील, आणि टिपणात हे स्पष्ट लिहायला हवे.

हे आकडे मिळवायचे कुठून? वार्षिक अहवालातील संख्या ३१ डिसेंबर या एका दिवसाची असते. त्या दिवशीच्या गणतीत दीर्घकाळ राहणारे जास्त दिसतात आणि आठवडाभरात सुटून गेलेले दिसतच नाहीत. म्हणून एखाद्या महिन्यात दाखल झालेल्या सर्वांचा मागोवा घ्यावा लागतो: दाखल झाल्याची तारीख, जामीन आदेशाची तारीख, अट, सुटकेची तारीख. नावे वगळून ही माहिती माहितीच्या अधिकारात किंवा कारागृह विभागाच्या परवानगीने मागता येते. आदेश आणि सुटका यांतील दिवसांची सरासरी काढली की शिफारशीचा पाया तयार होतो.

लिहिताना क्रम उलटा ठेवावा लागतो. शोधनिबंधात निष्कर्ष शेवटी येतो. टिपणात पहिल्या परिच्छेदातच शिफारस आणि तिचा अपेक्षित परिणाम येतो, कारण अनेक वाचक तेवढेच वाचतात. पुढे प्रश्नाचे स्वरूप, कारण, पर्यायांचा तक्ता, खर्च आणि जबाबदारी. शिफारस शासन निर्णयात उतरवता येईल इतकी नेमकी हवी. ‘समन्वय वाढवावा’ असे लिहून कोणीच बांधला जात नाही. ‘जामीन आदेशानंतर सात दिवस उलटलेल्या कैद्यांची यादी अधीक्षकांनी दर सोमवारी प्राधिकरणाला पाठवावी’ या वाक्यात काम, माणूस आणि दिवस तिन्ही आहेत.

शेवटी मोजमापाची अट येते. एकूण कैदीसंख्या हे एकमेव माप ठेवले तर फसगत होते. एखाद्या तुरुंगातील लोक दुसरीकडे हलवूनही तिथली संख्या कमी दाखवता येते. त्यासोबत जामीन आदेश ते सुटका यांतील सरासरी दिवस, सात दिवसांहून जास्त अडकलेल्यांची संख्या आणि सुटल्यावर तारखांना हजर राहणाऱ्यांचे प्रमाण पाहावे लागते. हजेरीचे प्रमाण घसरले नाही, तर जातमुचलक्यावर सोडणे सुरक्षित असल्याचा पुरावा मिळतो आणि न्यायालयांचा विश्वास वाढतो. ते घसरले, तर अटी कुणाच्या बाबतीत सैल करायच्या हे सहा महिन्यांनी पुन्हा ठरवता येते. म्हणून आढाव्याची ही मुदतही टिपणातच लिहिलेली असते.