अठ्ठ्याहत्तर अक्षरांचा दरवाजा

गेल्या वर्षी एका ओळखीच्या मुलाने पाच-तीन-दोनचा मोबाइल गेम बनवला. दोन वर्षं नोकरी सांभाळून, रात्री जागून केलेलं काम. गेम प्ले स्टोअरवर टाकण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला वर्णन वाचायला पाठवलं, कारण अशी वर्णनं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. मजकूर भरपूर होता. खेळाचे नियम, हुकूम कसा बोलायचा, फोनशी खेळताना सोपी आणि अवघड पातळी कशी निवडायची, आईने लहानपणी हा खेळ कसा शिकवला, सगळं मनापासून लिहिलेलं. पण सुरुवातीची ओळ अशी होती:

«आमच्या नव्या, आकर्षक आणि रोमांचक पत्त्यांच्या खेळात आपले मनःपूर्वक स्वागत आहे!»

दुकानात येणाऱ्या बहुतेक माणसांना तेवढीच ओळ दिसणार होती.

प्ले स्टोअरवर गेमचं पान उघडलं की आधी चौकोनी चित्र, नाव आणि बनवणाऱ्याचं नाव येतं. त्याखाली तारे, किती जणांनी उतरवून घेतला तो आकडा आणि इन्स्टॉलचं बटण. मग आडवी सरकणारी चित्रं. त्याखाली ‘या गेमविषयी’ असं शीर्षक आणि त्याच्या खाली जेमतेम दोन ओळींचा मजकूर. शीर्षकाशेजारच्या बाणावर बोट ठेवलं तरच पुढचं पान उघडतं. या दोन ओळी मोठ्या वर्णनातून कापून घेतलेल्या नसतात. त्यांच्यासाठी गुगलने वेगळा रकाना ठेवला आहे, त्याला छोटं वर्णन म्हणतात आणि त्याची मर्यादा 80 अक्षरं. बाणामागच्या मोठ्या वर्णनाला 4000 अक्षरं मिळतात. नवा माणूस सगळा जीव त्या 4000 मध्ये ओततो आणि 80 चा रकाना शेवटी, अर्ज भरल्यासारखा भरतो.

अ‍ॅपलच्या दुकानात रचना वेगळी आहे. तिथे नावाखाली 30 अक्षरांचं उपशीर्षक असतं आणि चित्रांच्या खाली वर्णनाच्या पहिल्या तीनेक ओळी दिसतात. मग शब्द तुटतो आणि ‘आणखी’ येतं. म्हणजे इथे मोठ्या वर्णनाचीच सुरुवात दिसते. सुरुवातीला शोभेसाठी एक रिकामी ओळ सोडली तर तीनांतली एक ओळ तिथेच गेली. वाचणाऱ्याने फोनवरची अक्षरं मोठी करून ठेवली असतील, आणि चाळिशी ओलांडलेले बरेच जण तसं करतात, तर त्या ओळींत आणखी कमी शब्द मावतात. म्हणून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या ओळीच्या टोकाला ठेवून चालत नाही.

आता त्या 80 अक्षरांचं गणित मराठीत कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. आपण ‘पत्त्यांच्या’ हा शब्द वाचतो तेव्हा डोळ्याला तीन अक्षरं दिसतात: प, त्त्यां, च्या. संगणक मात्र मूळ अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण असं प्रत्येक वेगळं मोजतो. त्याच्या हिशेबी हा एकच शब्द बारा अक्षरांचा होतो. ‘मनःपूर्वक’ नऊ अक्षरं खातो. जोडाक्षरांनी भरलेले भारदस्त शब्द मराठीत फार महाग पडतात, आणि जाहिरातीच्या भाषेत नेमके तेच असतात. मी त्या मुलाची स्वागताची ओळ मोजली. मधल्या मोकळ्या जागा धरून ती 78 भरली. रकान्याने ती आनंदाने घेतली असती. नियम मोडला नव्हता, शब्द चुकला नव्हता, आणि तरी संपूर्ण ओळीत कामाची माहिती एकच होती: हा पत्त्यांचा खेळ आहे. ती तर वरच्या चित्रांतही दिसत होती.

मी त्याला विचारलं, ‘‘दुकानात पत्त्यांचे शेकडो गेम आहेत. तुझ्यात असं काय आहे, की पाच-तीन-दोन खेळलेला माणूस ते वाचून थांबेल?’’

तो म्हणाला, ‘‘ताई, बाकीच्यांत ओढाओढी नसते. माझ्यात आहे.’’

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिघे खेळतात, पानं तीस. अठ्ठ्यांपासून एक्क्यांपर्यंतची चारही रंगांची अठ्ठावीस, आणि इस्पिक व बदामच्या दोन सत्त्या. प्रत्येकाला दहा पानं येतात. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. पाचवाला पहिली पाच पानं बघून हुकूम बोलतो. खरी मजा पुढच्या डावात येते. ज्याने ठरल्यापेक्षा जास्त हात केले तो, ज्याचे कमी पडले त्याच्याकडून न बघता पान ओढतो आणि बदल्यात आपल्याकडचं नकोसं पान त्याच्या गळ्यात घालतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतली निम्मी भांडणं या ओढण्यावरून होतात. तो भाग नसलेला पाच-तीन-दोन हा आपल्या घरचा खेळ वाटतच नाही.

आणि हे त्या मुलाच्या वर्णनात होतं. सहाव्या परिच्छेदात.

आम्ही दोघं तासभर बसलो. आधी नुसती यादी केली, की दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात कोणते प्रश्न असतील. हा माझ्या माहितीचाच खेळ आहे का? आमच्या घरच्या नियमांनी आहे का? दोघं सोबतीला नसतील तर एकट्याला खेळता येईल का? एसटीत रेंज नसेल तर? पैसे लावायचे आहेत का? शेवटचा प्रश्न पत्त्यांच्या खेळात हल्ली प्रत्येकाला पडतो. 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातल्यापासून तर जास्तच. पाचही उत्तरं 80 अक्षरांत बसेनात. पैशांचं उत्तर आम्ही पहिल्या चित्रावर मोठ्या अक्षरांत टाकलं, ‘पैसे न लावता’ असं, कारण चित्र ओळीच्याही आधी दिसतं. उरलेलं ओळीत आलं:

«घरच्यासारखा पाच-तीन-दोन, पानं ओढण्यासकट. तिघांनी किंवा नेटशिवाय एकट्याने खेळा.»

मोजली, तर हीसुद्धा 78 निघाली.

या ओळीत एकही विशेषण गेमची स्तुती करत नाही. ‘पानं ओढण्यासकट’ हे दोन शब्द ज्याला कळतात त्याला ते लगेच आपले वाटतात, आणि ज्याला कळत नाहीत त्याला निदान पुढचं वाचावंसं वाटतं. स्तुती टाळण्यामागे दुकानाचा नियमही आहे. 2021 मध्ये गुगलने गेमच्या नावाची मर्यादा 50 वरून 30 अक्षरांवर आणली आणि नावात ‘सर्वोत्तम’, ‘नंबर वन’, ‘मोफत’ असे शब्द घालायला मनाई केली. पण माझं मत विचाराल तर नियम नसता तरी ते शब्द मी काढलेच असते. शेजारचे सगळे गेम तेच म्हणत असतात, त्यामुळे डोळा त्यावरून घसरतो.

शोधाचा मुद्दा मात्र दोन दुकानांत वेगळा वागतो आणि तिथे बरेच जण गोंधळतात. गुगल मोठ्या वर्णनातले शब्दही शोधासाठी वाचतं. अ‍ॅपल वर्णन शोधासाठी धरत नाही, तिथे त्यासाठी 100 अक्षरांचा वेगळा रकाना असतो आणि तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून अ‍ॅपलच्या पहिल्या तीन ओळींत शोधशब्द कोंबण्याने काहीच साधत नाही. गुगलवरही ‘पत्ते, पत्त्यांचा खेळ, पत्ते गेम, मराठी पत्ते’ अशी माळ लावली तर ती नियमाबाहेर जाते. शिवाय वाचणाऱ्याला ती तुटक यादी वाटते.

आमच्या कामात एक खाच निघाली, ती मला आधीच सुचायला हवी होती. प्ले स्टोअरवर मराठी वर्णन देता येतं, पण ते दिसतं कुणाला? ज्याच्या फोनची भाषा मराठी आहे त्याला. माझ्या स्वतःच्या घरात सगळे मराठी बोलतात आणि चारही फोन इंग्रजीवर आहेत. अशा फोनवर इंग्रजी वर्णन उघडतं, आणि ते त्या मुलाने भाषांतर करून घाईत टाकलं होतं. त्यात खेळाचं नावच हरवलं होतं. हिंदीत याच खेळाला तीन-दो-पाँच म्हणतात, तर इंग्रजी वर्णनात 3-2-5 एवढंच होतं. 5-3-2 म्हणून शोधणारा मराठी माणूस तिथे पोचणार कसा? मग इंग्रजीतही दोन्ही क्रम लिहिले, आणि पहिल्याच ओळीत हा महाराष्ट्रात खेळला जाणारा प्रकार आहे, हे सांगितलं.

ओळ बदलून फरक पडला की नाही, हे कळायला गुगलने सोय दिली आहे. एका भाषेतल्या छोट्या वर्णनाचे दोन-तीन मजकूर करून ते वेगवेगळ्या पाहुण्यांना दाखवता येतात आणि कोणता मजकूर पाहून जास्त जणांनी गेम उतरवला, हे मोजता येतं. अ‍ॅपलची तशी चाचणी चित्रांपुरती आहे, वर्णनाला लागू नाही. पण छोट्या गेमवाल्याने या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. समजा चारशे माणसं पानावर आली, निम्म्यांना जुनी ओळ दिसली, निम्म्यांना नवी. जुनी वाचून पन्नास जणांनी गेम घेतला, नवी वाचून छप्पन्न जणांनी. नवी जिंकली असं वाटतं खरं, पण दोनशेंत सहाचा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. तीच ओळ दोन्हीकडे ठेवली असती तरी पडला असता. हजारो माणसं येईपर्यंत वाट बघायची, किंवा दुसऱ्या खुणा बघायच्या. मी दुसऱ्या खुणा बघते. गेम घेऊन त्याच दिवशी काढून टाकणारे किती आहेत? एक तारा देणाऱ्यांच्या शेऱ्यात ‘मला वाटलं होतं की’ अशी सुरुवात किती वेळा येते? अशा शेऱ्यांची संख्या वाढली, तर पहिली ओळ नसलेल्या गोष्टीची आशा लावते आहे असं समजावं.

आणि एक साधी चाचणी, जिला चार माणसं पुरतात. फोनवर पान उघडायचं, गेमशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात पाच सेकंद द्यायचं, परत घ्यायचं आणि विचारायचं, ‘काय होतं?’ स्वागताच्या ओळीवर माझ्या मावशीने उत्तर दिलं होतं, ‘‘पत्त्यांचं काहीतरी. रमी असेल.’’ नवी ओळ दाखवली तेव्हा पाच सेकंद झाले तरी तिने फोन परत दिला नाही. चष्मा कपाळावरून खाली ओढला, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, ‘‘अगं, पण ओढलेलं पान एक्का निघालं तर बदल्यात काहीही दिलं तरी चालतं का यात?’’

तो नियम गेममध्ये होता. मोठ्या वर्णनात मात्र नव्हता. तो त्याच रात्री घातला, बाण दाबल्यावर सगळ्यात वर.