शीर एकाचं, खुर्मा दुसऱ्याचा

'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी. ईदच्या सकाळी घरोघरी वाटीत येणाऱ्या या खिरीच्या नावातच दोन दुकानं दडलेली आहेत. दूध डेअरीतून येतं; शेवया, खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते सुक्या मेव्याच्या दुकानातून. रबाळ्यासारख्या ठिकाणी ही दोन दुकानं अनेकदा एकमेकांना लागून असतात. तरी चाँदरातीला ग्राहक मेव्याची पुडी घेऊन शेजारी जातो आणि 'दूध संपलं' ऐकून परत फिरतो. डेअरीवाल्याला किती दूध मागवायचं हे ठाऊक नसतं. मेवेवाल्याकडे त्याचा बराचसा अंदाज असतो, पण तो विचारतो कोण?

यंदा हा प्रश्न आणखी टोकदार आहे. गुढीपाडवा 19 मार्चला आहे आणि चंद्रदर्शनानुसार ईद 20 किंवा 21 मार्चला. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला होता आणि ईद 31 ला. 2024 मध्येही दोन्ही सण एकाच आठवड्यात आले. चैत्र शुद्ध प्रतिपदा अमावास्येला लागून येते, शव्वालचा महिना अमावास्येनंतर चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो. म्हणून हे दोन महिने एकत्र आले की सण शेजारी शेजारी बसतात. पण मराठी पंचांगात अधिक महिना येतो, इस्लामी कालगणनेत तो नाही. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढच्या वर्षी पाडवा एप्रिलमध्ये जाईल, ईद मात्र मार्चमध्येच, आणखी अलीकडे येईल. श्रीखंड आणि शीरखुर्मा एकाच आठवड्यात विकण्याची ही या फेरीतली शेवटची संधी.

दोन शेजारी नावांनी मिळून योजना काढायची, तर पहिला प्रश्न असतो तो विचारण्याचा. जगातलं एक गाजलेलं उदाहरण पाहा. ऑगस्ट 2015 मध्ये बर्गर किंगने अमेरिकेतल्या दोन मोठ्या वृत्तपत्रांत पूर्ण पानाचं खुलं पत्र छापून मॅकडोनाल्ड्सला प्रस्ताव दिला. 21 सप्टेंबर हा जागतिक शांतता दिन. त्या दिवशी दोघांचे बर्गर एकत्र करून 'मॅकव्हॉपर' विकू, असा तो प्रस्ताव. जागाही ठरवलेली होती: दोघांच्या मुख्यालयांच्या मधलं अटलांटा शहर. मॅकडोनाल्ड्सच्या प्रमुखांनी फेसबुकवर नकार कळवला आणि शेवटी एक ओळ जोडली, पुढच्या वेळी साधा फोन केला तरी चालेल. बर्गर किंगला प्रसिद्धी भरपूर मिळाली, पण जोडीदार मिळाला नाही.

उलट उदाहरण 2013 चं. गूगलने आपल्या अँड्रॉइड प्रणालीच्या नव्या आवृत्तीला 'किटकॅट' नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा आधी नेस्लेशी खासगीत बोलणी केली. दोन्ही बाजूंनी महिनोन्महिने गुप्तता पाळली. 3 सप्टेंबरला घोषणा झाली तेव्हा अँड्रॉइडचा रोबो छापलेली पाच कोटी चॉकलेट्स भारतासह 19 देशांसाठी तयार होती. पैशांची देवाणघेवाण झाली नाही. दोघांनी एकमेकांना आपापले ग्राहक दाखवले. म्हणजे विचारणा बंद दाराआड आणि घोषणा उघड्यावर. क्रम उलटला की शेजाऱ्याला वाटतं, आपल्याला कोपऱ्यात गाठलं.

आता हेच रबाळ्यात आणू. ठाणे-वाशी मार्गावर ऐरोली आणि घणसोली यांच्या मधलं हे स्टेशन. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला गावठाण आणि वसाहती. समजा, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर एक डेअरी आहे आणि तिला लागून सुक्या मेव्याचं दुकान. दुकानं काल्पनिक आहेत, आकडेही हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. मेवेवाल्या भाईंना डेअरीच्या काकांपुढे प्रस्ताव ठेवायचा आहे. वेळ दुपारी दोन ते चारची. सकाळी काकांकडे दुधाची गर्दी, संध्याकाळी भाईंकडे इफ्तारची. आणि सणाच्या निदान तीन आठवडे आधी, कारण पुरवठादाराला वाढीव मागणी सांगायला वेळ लागतो.

बहुतेक जण इथे पहिली कल्पना मांडतात ती सवलतीच्या कुपनांची. 'तुमच्याकडे श्रीखंड घेणाऱ्याला माझ्या तीनशेच्या पुड्यावर तीस रुपये सूट, माझ्याकडे पुडा घेणाऱ्याला तुमच्या दोनशेच्या श्रीखंडावर वीस.' ऐकायला हे समसमान वाटतं. हिशेब करून पाहू. भाईंना पुड्यामागे 75 रुपये सुटतात, सूट दिल्यावर 45 उरतात. डेअरीतून 24 कुपनं आली, त्यांतले 15 ग्राहक नवे होते आणि 9 जुने. नव्यांकडून 675 रुपये मिळाले. जुन्यांनी तसंही घेतलंच असतं, त्यांना दिलेली सूट म्हणजे 270 रुपयांचं नुकसान. छपाईचा वाटा 300. हाती राहिले 105.

काकांना श्रीखंडावर 50 सुटतात, सूट दिल्यावर 30. त्यांच्याकडे 40 कुपनं आली, पण नवे फक्त 10. उरलेले 30 रोज दूध नेणारेच होते. नव्यांचे 300 आले, जुन्यांवर 600 गेले, छपाईला 300. काका 600 रुपयांनी खड्ड्यात. डेअरी भरभरून चालली, कुपनांचा ढीग जमला, सगळ्यांनी 'योजना हिट झाली' म्हटलं, आणि शेजारी मात्र पुढच्या वर्षी बोलायला तयार नाही.

खोट कुपनात नाही, ग्राहकांच्या सरमिसळीत आहे. दूध घेणारं घर बहुधा शेजारच्या डेअरीत जातच असतं. ही सरमिसळ आधीच मोजता येते. दोघांनी आठवडाभर आपल्या 50 गिऱ्हाइकांना सहज विचारायचं, 'शेजारून काय काय घेता?' 50 पैकी 30 जण आधीच दोन्हीकडे जात असतील, तर सवलत देणं म्हणजे आपल्याच खिशातून आपल्याच ग्राहकाला पैसे देणं. पाच-सातच जात असतील, तर सवलतीला अर्थ आहे.

मग काकांना द्यायचं काय? त्यांना नवा ग्राहक नको आहे. त्यांना चाँदरातीचा आकडा हवा आहे. तो भाईंकडे आहे. म्हणून प्रस्ताव असा: शीरखुर्म्याच्या प्रत्येक पुड्यासोबत दोन लिटर दुधाचं टोकन. ग्राहकाने वीस रुपये आगाऊ द्यायचे, ते दूध नेताना बिलातून वजा होतील. 60 टोकनं गेली तर काकांना 120 लिटरची मागणी दोन दिवस आधी कळते. भाई सांगू शकतात, 'आमच्याकडून पुडा घ्या, दुधाची चिंता आमची.' कुणीही एक रुपया कमी करत नाही. ग्राहकाला मिळते ती खात्री, आणि चाँदरातीला खात्री सवलतीपेक्षा महाग असते. बदल्यात काकांनी पाडव्याच्या श्रीखंडाच्या आगाऊ नोंदीसोबत भाईंची चारोळी-केशराची छोटी पुडी ठेवायची, तिचे पैसे भाईंचे.

इथे दोन अडचणी आधीच सोडवाव्या लागतात. पहिली चंद्राची. यंदा कोर पाडव्याच्याच संध्याकाळी दिसू शकते किंवा दुसऱ्या दिवशी. त्यामुळे टोकनावर तारीख छापायची नाही. 'चाँदरात, रात्री 8 ते 11' एवढंच. पण काकांना 120 लिटर 19 तारखेलाच तयार ठेवावं लागेल. चंद्र दिसला नाही तर तेच दूध 20 च्या रात्रीपर्यंत टिकवायचं. पिशवीचं दूध थंड पेटीत तेवढं टिकतं. प्रश्न पेटीत 120 लिटरची जागा आहे का, हा आहे. नसेल तर टोकनं चाळीसच काढायची. टोकनांची संख्या शीतपेटी ठरवते, उत्साह नाही.

दुसरी अडचण बिलाची. दूध आणि मेवा एकाच डब्यात, एकाच किमतीला विकला तर जीएसटी कायद्यात तो 'मिश्र पुरवठा' ठरू शकतो आणि सगळ्या डब्यावर त्यातल्या सर्वांत जास्त दराचा कर लागतो. ताज्या दुधावर कर नाही, सुक्या मेव्यावर आहे. म्हणून दोघांनी आपापला माल आपापल्या बिलावर विकावा. जोडणारा दुवा म्हणून टोकन पुरेसं आहे.

हे सगळं एका कागदावर यावं. कोण काय देणार, टोकनं किती, आगाऊ पैसे कुणाच्या गल्ल्यात, दूध कमी पडलं तर वीस रुपये कोण परत करणार, योजना कधी थांबणार. ग्राहकाला दोन दुकानं दिसत नाहीत. दूध मिळालं नाही तर तो भांडायला पुडा घेतला तिथेच येतो. म्हणून परताव्याची जबाबदारी एकाच गल्ल्यावर असावी आणि हिशेब दोघांनी नंतर मिटवावा.

आता घोषणा. मोह होतो तो ग्राहकांचे फोन क्रमांक एकमेकांना देण्याचा. तो टाळावा. ग्राहकाने क्रमांक दुधाच्या हिशेबासाठी दिलेला असतो. शेजाऱ्याचा निरोप येऊ लागला की तो दोघांवरही चिडतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदाही संमतीचीच भाषा बोलतो. प्रत्येकाने आपल्या माणसांना आपणच कळवावं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 पर्यंत नावं बसतात, पण निरोप पोचतो तो आपला क्रमांक ज्यांनी जतन केला आहे त्यांनाच. ज्यांच्याकडे तो जतन नाही, त्यांच्यासाठी गल्ल्यावरची पाटीच खरी.

निरोप एकच, पण सूर दोन. काकांचा निरोप सकाळी सातला, दुधाच्या वेळी: 'पाडव्याच्या श्रीखंडाची नोंद 16 तारखेपर्यंत. सोबत शेजारच्या दुकानाची चारोळी-केशराची पुडी. घरी शीरखुर्मा करणार असाल तर दुधाचं टोकन त्यांच्याकडे.' भाईंचा निरोप इफ्तारच्या आधी कुणी वाचत नाही. तो तरावीहनंतर जावा: 'शीरखुर्म्याचा पुडा 300 रुपये. सोबत चाँदरातीच्या दोन लिटर दुधाचं टोकन, शेजारच्या डेअरीतून. टोकनं फक्त 60.' दिवस एकच हवा. एकाचं आज आणि दुसऱ्याचं परवा गेलं, तर परवाच्या ग्राहकाला टोकनं संपल्याचंच कळतं. किंमत, संख्या, वेळ, परताव्याची जागा दोन्हीकडे शब्दशः सारखी असावी. पुड्यात काय काय आहे ते दोन्ही निरोपांत लिहावं, कारण पहिल्यांदाच शीरखुर्मा करणारं घर आधी तेच विचारतं.

एकोप्याचं भाषण कुठल्याही निरोपात नको. पाडव्याला श्रीखंड नेणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी कुतूहलाने पुडा घेतला तर ते त्यांच्या मर्जीने व्हावं. पाटीने त्यांना धडा देऊ नये. योजना जमली की नाही हे ईदनंतर दोन आकड्यांवरून कळेल. 60 पैकी किती टोकनांवर दूध गेलं, आणि किती पुडे रोज डेअरीतच येणाऱ्यांनी नेले. पहिला आकडा 50 च्या वर असेल तर काका पुढच्या रमजानमध्ये स्वतःहून येतील. दुसरा आकडा दहा जरी निघाला, तरी भाईंना दहा नवी घरं मिळाली, आणि त्या घरांच्या वाट्यांत यंदा पहिल्यांदा शीरखुर्मा आला.