चित्रप्रदर्शनाचं अंदाजपत्रक : कमिशन कशावर मोजायचं?



शेजारच्या हायस्कूलचे कलाशिक्षक मागे एकदा हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी आपल्या 20 जलरंगचित्रांचं सात दिवसांचं प्रदर्शन भरवलं होतं. नऊ चित्रं विकली गेली. "खर्च निघायला हवा होता, मग चौदा हजार कुठे गेले?" हा त्यांचा प्रश्न. चला, त्यांचीच वही उघडून पाहू या. आकडे सोयीसाठी थोडे सरळ केले आहेत.

पहिली गोष्ट. प्रदर्शनाच्या खर्चाचे दोन गट असतात. चित्र विकलं जावो न जावो, होणारा खर्च हा पहिला गट आणि चित्र विकलं तरच होणारा खर्च हा दुसरा. भाडं, फ्रेम, विमा, निमंत्रणं पहिल्या गटात येतात. कमिशन मात्र दुसऱ्या गटात येतं. काही कलादालनं फक्त भाडं घेतात, काही फक्त कमिशन घेतात, काही दोन्ही घेतात. सरांच्या कलादालनात दोन्ही होतं.

आधी पहिला गट पाहू.

भाडं : रोजचे 3,000 रुपये, म्हणजे सात दिवसांचे 21,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,780. एकूण 24,780 रुपये. अनामत रक्कम परत मिळते, म्हणून ती खर्चात धरायची नाही. पण ती सुरुवातीला हातात असावी लागते.

फ्रेम : इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. सरांचं चित्र 15 × 22 इंचांचं. त्याची परिमिती 74 इंच. पण चित्राभोवती 3 इंचांचा माउंट आला की माप 21 × 28 होतं आणि परिमिती 98 इंच होते. शिवाय कोपरे 45 अंशांत कापावे लागतात. पट्टी दीड इंच रुंद असेल, तर चार कोपऱ्यांत मिळून आणखी 12 इंच पट्टी लागते. झाले 110 इंच, म्हणजे 74 च्या जवळजवळ दीडपट! काच, माउंट, मागचा पुठ्ठा आणि मजुरी धरून एक फ्रेम 1,400 रुपयांना पडली. 20 फ्रेमचे 28,000.

विमा : 2,000 रुपये. विमा फक्त कलादालनातल्या दिवसांचा घेऊ नका. घरच्या भिंतीवरून चित्र निघाल्यापासून ते परत येईपर्यंतचा घ्या. काच बरेचदा टेम्पोत फुटते. प्रत्येक चित्राचा फोटो, माप आणि किंमत यांची यादी विमा कंपनीला आधीच द्या. नाहीतर नुकसान झाल्यावर चित्राची किंमत काय, यावरच वाद होतो.

बाकी : निमंत्रणपत्रिका आणि फलक 6,000, टेम्पो 4,000, उद्घाटनाचा चहा व किरकोळ 3,220.

या गटाची बेरीज झाली 68,000 रुपये.

आता दुसरा गट. प्रत्येक चित्राची किंमत 8,000 रुपये होती. सरांनी 68,000 ला 8,000 ने भागलं. उत्तर साडेआठ. म्हणजे नऊ चित्रं विकली की झालं, असं त्यांनी धरलं. पण कमिशन होतं 25 टक्के. प्रत्येक विक्रीतून 2,000 रुपये कलादालनाचे, सरांच्या हाती फक्त 6,000. म्हणून भागायचं होतं 6,000 ने. 68,000 ÷ 6,000 = 11.33, म्हणजे 12 चित्रं. नऊ चित्रांचे मिळाले 54,000. तुटीचे 14,000 इथे सापडले.

सर म्हणाले, "मग पुढच्या वेळी किंमत 25 टक्क्यांनी वाढवतो. 10,000 लावतो, म्हणजे 8,000 हातात येतील." थांबा! 10,000 चे 25 टक्के म्हणजे 2,500. हाती येतील 7,500. कमिशन आपल्या 8,000 वर नाही, ग्राहकाने दिलेल्या किमतीवर मोजलं जातं. आपले 8,000 हे त्या किमतीचे 75 टक्के आहेत. म्हणून 8,000 ÷ 0.75 = 10,667 रुपये. टक्केवारीच्या उदाहरणात आपण मुलांना विचारतो ना, "टक्के कशाचे?" तोच प्रश्न इथे आहे.

ग्राहकाने सवलत मागितली तर? 8,000 च्या चित्रावर 10 टक्के सोडले की किंमत 7,200. कमिशन 7,200 वर धरलं, तर हाती 5,400 येतात. मूळ 8,000 वरच धरलं, तर 5,200. कोणत्या रकमेवर धरणार, हे करारात आधीच लिहून घ्यावं.

किंमत न वाढवताही एक मार्ग आहे. 20 ऐवजी 14 चित्रंच लावली, तर सहा फ्रेमचे 8,400 वाचतात. खर्च उरतो 59,600. त्याला 6,000 ने भागलं की 10 चित्रांत खर्च निघतो. अर्थात 14 पैकी 10 विकली जाणं सोपं नाही, आणि 20 पैकी 12 सुद्धा नाही. म्हणून सरांनी या वेळी सगळी चित्रं एकाच मापाची काढली आहेत. न विकलेल्या चित्रांच्या फ्रेम सोडवून नव्या चित्रांना बसतील, आणि त्यांच्या वहीतला सर्वांत मोठा आकडा पुढच्या प्रदर्शनात आपोआप लहान होईल.