पुन्हा मिळेल का?

महाविद्यालयाच्या टेक क्लबमध्ये केलेल्या भाषणाचे लेखरूप

२०१५ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एका ४७ वर्षांच्या माणसाची हकीगत नोंदवली. तो दिवसाला हजारापर्यंत फोटो काढायचा, त्यातले बहुतेक निसर्गदृश्यांचे. काढलेले फोटो तो पुन्हा फारसे बघत नसे. पण पुढे कधीतरी ते उपयोगी पडतील असं त्याला वाटे, आणि एकही पुसायला हात धजावत नसे. फोटो जागच्या जागी लावण्यात त्याचे रोज तीन ते पाच तास जात. मूळ फोटोंसाठी हार्ड डिस्क होत्या आणि त्यांच्या प्रतींसाठी आणखी वेगळ्या. डॉक्टरांनी या साठवणुकीला ‘डिजिटल होर्डिंग’ म्हटलं.

तो माणूस आजारी होता, आपण बहुतेक जण नाही. तरीही त्याच्या मनात जे चालायचं ते आपल्या ओळखीचं आहे. फाईल पुसायची की ठेवायची, हा निर्णय अवघड वाटतो, म्हणून आपण तो पुढे ढकलतो. फोन भरतो तो या ढकललेल्या निर्णयांनी. म्हणूनच ‘हे कधी लागेल का?’ असं स्वतःला विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘लागेलही’ असंच येतं. त्याऐवजी विचारा, ‘हे गेलं तर पुन्हा मिळेल का?’ याचं उत्तर बहुतेक वेळा ठामपणे देता येतं.

भरलेल्या फोनचं नुकसान फक्त ‘स्टोरेज फुल’च्या सूचनेपुरतं नसतं. फोनमधली फ्लॅश मेमरी पाटीसारखी आहे असं समजा. कोऱ्या जागेवर एकेक ओळ लिहिता येते, पण एकच ओळ पुसता येत नाही. पुसायची तर आख्खी पाटी पुसावी लागते. त्यामुळे फोनमधला कंट्रोलर कामाच्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घेतो आणि मग जुनी पाटी पुसतो. मोकळी जागा भरपूर असली की हे गुपचूप चालतं. जागा संपत आली की प्रत्येक नव्या फोटोसाठी आधी ही हलवाहलव करावी लागते आणि फोन अडखळायला लागतो. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी असू द्या.

आता एक उदाहरण सोडवून बघू. समजा, तुमच्यातल्या एकाचा १२८ जीबीचा अँड्रॉइड फोन भरलाय. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडल्यावर दिसतं: सिस्टीम आणि अ‍ॅप ४५ जीबी, फोटो आणि व्हिडिओ ४० जीबी, व्हॉट्सअ‍ॅप २५ जीबी, बाकीचं डाउनलोड आणि किरकोळ. बहुतेक जण इथे गॅलरी उघडून एकेक फोटो पुसू लागतात. तासाभरात जेमतेम एक जीबी मोकळा होतो आणि कंटाळून सोडून देतात. सुरुवात आकाराने मोठ्या आणि भावनेने हलक्या गोष्टींपासून करावी.

तशी जागा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्या सेटिंग्जमध्ये `Storage and data` आणि तिथे `Manage storage` उघडा. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाईल आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाईल तिथे वेगळ्या काढलेल्या दिसतात. फॉरवर्डचे व्हिडिओ निर्धास्त पुसा. मात्र एखाद्या ग्रुपवर आलेला कुणाच्या लग्नाचा किंवा आजीचा व्हिडिओ असेल तर तो आधी बाजूला काढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर अशा फाईल कायम राहत नाहीत, त्यामुळे नंतर डाउनलोड होतीलच याची खात्री नसते. मग ऑटो-डाउनलोड बंद करा. ही सवय बाकी सगळ्या सफाईपेक्षा मोठी, कारण पसारा दारातच अडतो.

लॅपटॉपवर प्रश्न दुहेरी प्रतींचा असतो. तीच नोट्सची पीडीएफ तीनदा डाउनलोड झालेली असते, पण नावावरून खात्री करू नका. `Notes(1).pdf` ही सुधारित आवृत्तीही असू शकते. खरी ओळख पटते ती हॅशने, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशाने. लिनक्सवर हे एका ओळीत होतं:

```
find . -type f -exec sha256sum {} + | sort | uniq -w64 --all-repeated=separate
```

ज्यांचे ठसे जुळतात त्या फाईलचे गट समोर येतात. ही आज्ञा काहीच पुसत नाही, फक्त दाखवते, आणि सुरुवातीला तेच हवं. मात्र तिला सारखे दिसणारे फोटो कळत नाहीत. साध्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे डोळ्यांना तोच वाटला तरी त्याचा ठसा वेगळा येतो. असे दोन सापडले तर मोठ्या आकाराचा ठेवा. आणि हे काम `Downloads` किंवा `Documents` यांसारख्या आपल्या फोल्डरातच चालवा. सिस्टीमच्या फोल्डरांत एकसारख्या फाईल मुद्दाम ठेवलेल्या असू शकतात.

तुमच्या प्रोजेक्टमधलं `node_modules` तर हजारो बारीक फाईलींचं असतं. `package.json` आणि लॉक फाईल जपून ठेवली असेल तर `npm install` केल्यावर ते परत तयार होतं. जुन्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमधून ते काढून टाका. कोड मात्र गिटवर चढलाय ना, हे `git status` ने आधी पाहा, आणि पुश करायचं राहिलेलं नाही ना, तेही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू आहे, म्हणजे फोटो ‘वर’ सुरक्षित आहेत, असं समजून लोक त्याच अ‍ॅपमधून फोटो पुसतात. तिथे डिलीट केलं की तो फोटो फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, त्यानंतर कायमचा जातो. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर `Free up space` हा वेगळा पर्याय आहे. तो बॅकअप झालेल्याच फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतो. त्याआधी दुसऱ्या एखाद्या यंत्रावर photos.google.com उघडून कालचा फोटो तिथे दिसतो का ते बघा. दिसला नाही तर बॅकअप मध्येच थांबलाय. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे १५ जीबीची मोफत जागा भरलेली असणं. ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून एकच असते, आणि १ जून २०२१ पासून चढवलेले ‘स्टोरेज सेव्हर’ दर्जाचे फोटोही तिच्यात मोजले जातात.

सवयी मी दोनच सांगेन. स्क्रीनशॉट वेगळ्या अल्बममध्ये पडतातच. रविवारी तो अल्बम उघडा आणि आठवड्यातलं उरकलेलं पुसा. पेमेंटची पावती, बसचं तिकीट, कुणाला दाखवायला काढलेला मेसेज, यांचं काम त्याच दिवशी संपलेलं असतं. आणि ठेवायच्या फाईलचं नाव तारखेपासून सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: `2025-06-15-marksheet.pdf`. अशी नावं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. हवी ती फाईल पटकन सापडली की पुन्हा डाउनलोड करावी लागत नाही.

एवढं करून जे उरेल ते पुन्हा न मिळणारं असेल: घरच्यांचे फोटो, रेकॉर्ड केलेले आवाज, स्वतः लिहिलेलं. इथे काटकसर करू नका. याची एक प्रत क्लाउडमध्ये आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. ती डिस्क वर्षातून एकदा तरी लावा, आणि नुसती यादी बघून समाधान मानू नका. चार-पाच जुन्या फाईल खरोखर उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. तो मध्येच अडकला, किंवा डिस्क टकटक वाजायला लागली, तर त्याच दिवशी नवी डिस्क आणा.